भज्याच्या पिठात तांदळाचं पीठ की कॉर्नफ्लोअर? रंग, तेल आणि कुरकुरीतपणाचं गणित

नाशिकमध्ये पावसाची पहिली सर आली की घराघरांत कांदा चिरायला घेतात. त्यात गैर काही नाही, पण हल्ली प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेलं असतं की बेसनात थोडं तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घातलं की भजी कुरकुरीत होतात. मग ते घालतात, आणि वर म्हणतात, ‘रंगच येईना, म्हणून गॅस मोठा केला, तर बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली.’ मीही हे केलं आहे. पाहुणे बाहेर बसलेले, कढईतली भजी पांढुरकी, मी गॅस मोठा करत गेले आणि पाच मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरलं. भजी शेवटी काळपट झाली, पण एक मोडून पाहिलं तर आतला बटाटा कडक आणि पिठाला कच्चट वास.

चूक पिठाची नव्हती. मी बेसनाच्या भज्यांचा रंग दुसऱ्याच पिठात शोधत होते. म्हणून हा लेख मुख्यतः रंग आणि तेलाबद्दल आहे. किती चमचे घालायचे हे सांगायला दोन ओळी पुरतात. घातल्यावर कढईत काय बदलतं हे कळायला वेळ लागतो.

आधी पीठ नीट ओळखा

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे. भाकरीसाठी गिरणीतून आणतो ते पिवळं, जरा रवाळ पीठ म्हणजे अख्खा मका दळलेला. पुडीत मिळणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला फक्त स्टार्च: पांढरंशुभ्र, हलकं, आणि चिमटीत धरून चोळलं की बोटांत बारीक करकरतं. हा करकर आवाज बेसनात नसतो, तांदळाच्या पिठातही नसतो. पुडीवर ‘कॉर्न स्टार्च’ लिहिलेलं असलं तरी तीच वस्तू. मक्याचं पिवळं पीठ भज्यात घातलं तर भजी वाईट होत नाहीत, पण ती खरखरीत होतात. कुरकुरीत होणं वेगळं.

तांदळाचं पीठ दोन प्रकारचं मिळतं. मोदकाची पिठी धुतलेल्या, वाळवलेल्या तांदळाची आणि अगदी बारीक असते. भाकरीचं पीठ किंचित जाडसर. भज्याला मी जाडसर घेते, कारण त्याचे कण तळल्यावर दाताखाली स्पष्ट लागतात. बारीक पिठीने आवरण गुळगुळीत आणि ठिसूळ होतं, तेही चांगलंच असतं, पण त्याचा कुरकुरीतपणा वेगळ्या जातीचा. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी तांदूळ भाताला फार छान, पण तो चिकट आहे. त्याचं पीठ वापरलं तेव्हा माझी भजी थंड झाल्यावर जरा चामट लागली. घरात दुसरा मोकळा शिजणारा तांदूळ असेल तर तो दळून घ्या.

रंग का बदलतो

बेसनात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. तेलात गरम झाल्यावर ही प्रथिनं आणि पिठातली थोडी साखर एकत्र येऊन तो खमंग तपकिरी रंग आणि वास तयार होतो. तांदळाच्या पिठात प्रथिनं सहा-सात टक्केच, आणि कॉर्नफ्लोअरमध्ये जवळजवळ नाहीतच. म्हणजे बेसनातला काही भाग काढून हे घातलं की रंग आणणारा मालच कमी होतो. त्याच तेलात, तितकाच वेळ तळलेलं भजं फिकं दिसणारच. ते कच्चं आहे असं नाही.

कुरकुरीतपणाची बाजू उलटी आहे. बेसनाची प्रथिनं पाणी धरून ठेवतात, म्हणून नुसत्या बेसनाचं भजं खाली उतरल्यावर थोड्या वेळात मऊ पडतं. स्टार्चचे कण आधी पाणी पिऊन फुगतात, मग तेलात ते पाणी वाफ होऊन उडालं की कडक, काचेसारखं ठिसूळ जाळं मागे राहतं. पण त्यासाठी पाणी खरंच उडायला हवं, आणि ते उडायला वेळ आणि पुरेसं तापलेलं तेल दोन्ही लागतात. तेल थंड असेल तर कण तेल पितात आणि आवरण जड होतं. फार तापलेलं असेल तर बाहेरचा थर लगेच बंद होतो आणि आतली वाफ अडकते. ताटात आल्यावर तीच वाफ कुरकुरीत आवरण मऊ करते.

एका संध्याकाळची तीन भांड्यांची चाचणी

नवीन माणसाने पहिल्यांदा कांद्यावर प्रयोग करू नये. नाशिकमध्ये राहून असं म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण कांद्याचं पाणी दर वेळी वेगळं असतं आणि काय कशामुळे झालं ते कळत नाही. त्यापेक्षा बटाटा घ्या आणि सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. चकत्या पाण्यात ठेवून नंतर फडक्याने अगदी कोरड्या पुसायच्या. ओल्या चकतीवर कुठलंच पीठ धरत नाही.

तीन वाट्यांत पीठ कालवा. पहिल्या वाटीत नुसतं बेसन ६० ग्रॅम. दुसरीत बेसन ४५ आणि तांदळाचं पीठ १५ ग्रॅम. तिसरीत बेसन ४५ आणि कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम. तिन्हींत मीठ सारखं आणि चिमूटभर हिंग. हळद, तिखट, सोडा यातलं काहीच घालू नका, नाहीतर रंगाचा फरक दिसणार नाही. वजनकाटा नसेल तर तीन भाग बेसनाला एक भाग दुसरं पीठ असं चमच्याने मोजा. तांदळाचं पीठ बेसनापेक्षा जड असल्याने तो चमचा सपाटच घ्या, शीग नको.

पाणी थोडंथोडं घाला. चमच्याच्या पाठीवर पीठ पातळ थरासारखं राहिलं आणि बोटाने रेघ ओढली तर ती क्षणभर टिकली, की झालं. पहिल्या वाटीला साधारण ७० मिलिलिटर पाणी जातं. दुसरीला थोडं कमी, तिसरीला आणखी कमी. हा फरक लक्षात ठेवा, कारण सवयीच्या अंदाजाने पाणी घातलं की कॉर्नफ्लोअरचं पीठ हमखास पातळ होतं. शिवाय जितकं पाणी कमी, तितकं ते तेलात उडवायचं काम कमी.

आता तेल. छोट्या कढईत अर्धा लिटर घ्या आणि तापमापी असेल तर १७५ अंशांवर आणा. प्रत्येक वाटीतल्या दोन-दोन चकत्या एकाच वेळी सोडा, म्हणजे तिघांना तेल सारखं मिळतं. पीठ घातल्यावर तेल लगेच दहा-वीस अंशांनी खाली येतं, तेव्हा गॅस मध्यमच्या जरा वर ठेवा आणि १६५ ते १७५ मध्ये राखा.

तीन मिनिटांनी पाहा. नुसत्या बेसनाच्या चकत्या सोनेरी-तपकिरी झालेल्या असतात. तांदळाच्या पिठाच्या फिक्या सोनेरी, कॉर्नफ्लोअरच्या जवळजवळ पिवळसर पांढऱ्या. इथे हात गॅसकडे जातो. तो आवरा. प्रत्येक प्रकारातली एकेक चकती बाहेर काढा आणि उरलेल्या तीन अजून एक-दीड मिनिट त्याच आचेवर तळा.

दुसऱ्या खेपेच्या चकत्या मोडून पाहा. बेसनाची आता जरा जास्तच काळवंडलेली असेल आणि थोडी कडवट लागेल. तांदळाच्या पिठाची नीट झालेली, रंगाने कोवळ्या गव्हासारखी, मोडताना कट्कन आवाज करणारी. कॉर्नफ्लोअरची अजून फिकीच, पण आवरण पातळ आणि काचेसारखं. दहा मिनिटं ताटात ठेवून परत चावा. नुसत्या बेसनाची मऊ झालेली असते, बाकी दोन्ही बऱ्यापैकी टिकलेल्या असतात.

मी ही चाचणी केली तेव्हा मला नवल वाटलं ते पहिल्या खेपेचं. तीन मिनिटांना बाहेर काढलेली फिकी कॉर्नफ्लोअरची चकती आतून पूर्ण शिजलेली होती. तिला कमी पडली होती ती फक्त कोरडी व्हायची वेळ.

मग तेल किती तापवायचं

बटाटा, पनीर, फ्लॉवर अशा वस्तूंना, ज्यांच्यावर पीठ माखून सोडतो, तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घातलेल्या पिठासाठी तेल नेहमीपेक्षा पाच ते दहा अंश जास्त, म्हणजे १८० च्या आसपास तापवून सोडा आणि तळताना १७० ते १७५ वर राखा. वेळ मिनिटभर वाढवा. इतकंच. दोनशेच्या जवळ नेऊन रंग आणायचा प्रयत्न करू नका.

तापमापी नसताना आपण पिठाचा थेंब टाकून तेल पाहतो. ही जुनी युक्ती आहे आणि चालतेही, पण नव्या पिठाने तिचा अर्थ जरा बदलतो. बेसनाचा थेंब तापलेल्या तेलात वर येता येता पिवळा-सोनेरी होतो, म्हणून बऱ्याच जणी त्याच्या रंगावरून अंदाज घेतात. कॉर्नफ्लोअरचा थेंब चांगल्या तापलेल्या तेलातही पांढराच राहतो आणि आपल्याला वाटतं तेल अजून थंड आहे. त्यामुळे थेंबाचा रंग बघू नका, तो वर कसा येतो ते बघा. तळाला जाऊन तीन-चार सेकंद रेंगाळला तर तेल १६० च्या खाली. अर्ध्यापर्यंत जाऊन लगेच वर आला आणि भोवती बारीक फेस उठला तर १७५-१८०. तळाकडे गेलाच नाही आणि वरच्या वर तडतडला तर जास्त तापलंय. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरत असाल तर ते रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावतं, तेव्हा तिथे घाई आणखी महागात पडते.

भजं झालं की नाही हे कळायला दोन खुणा रंगापेक्षा भरवशाच्या आहेत. एक, बुडबुडे: सुरुवातीला मोठे आणि भराभर येतात, पाणी संपत आलं की बारीक आणि विरळ होतात. दुसरी, झाऱ्याने हलवल्यावर होणारा आवाज. ओलं भजं झाऱ्यावर मऊ टेकतं, तयार झालेलं खडखडतं. त्र्यंबक रोडवर एका गाडीवर मी विचारलं होतं की रंग न बघता तुम्हाला कसं कळतं. त्यांनी झारा कढईच्या काठावर आपटून भजी उडवली आणि म्हणाले, ‘ताई, पाऊस पडताना पत्र्यावर वाजतो तसं वाजलं पाहिजे.’ उपमा अगदी बरोबर आहे, एकदा ऐकली की विसरत नाही.

कांद्याची गोष्ट उलटी

आता कांदा भजी, कारण शेवटी आपल्याला तीच करायची असतात. इथे तेलाचं तापमान वाढवायचं नाही, उलट थोडं कमी ठेवायचं आणि वेळ वाढवायचा. कांद्यात स्वतःची साखर असते. पीठ फिकं असलं तरी पाकळ्यांची बाहेर आलेली टोकं आपली आपण लाल होतात, आणि तेल जास्त तापलं तर काळी पडतात. कांदा भज्यावर पीठ पांढरं आणि टोकं काळी दिसली, तर तेल नक्की जास्त तापलं होतं.

चार माणसांसाठी: कांदे ४०० ग्रॅम, उभे पातळ चिरून पाकळ्या हाताने मोकळ्या करा. एक छोटा चमचा मीठ चोळून १५ मिनिटं झाकून ठेवा. पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्याला भरपूर पाणी सुटतं. चाळीत ठेवलेल्या उन्हाळ कांद्याला त्या मानाने कमी. कुठला कांदा हातात आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून पाणी सुटल्याशिवाय पीठ घालू नका.

मग बेसन १२० ग्रॅम आणि तांदळाचं पीठ ३० ग्रॅम, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, तिखट, कोथिंबीर. आधी पिठाचा तीन चतुर्थांश भाग भुरभुरून कांद्याला लावा, दाबून मळू नका. मूठभर मिश्रण उचललं तर पाकळ्या एकमेकींना चिकटून राहाव्यात, पण त्यांच्या कडा दिसाव्यात. ओलं वाटलं तर उरलेलं पीठ, कोरडं वाटलं तर एखादा चमचा पाणी. मी एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहनही घालते. तांदळाच्या पिठाचं आवरण त्याने कडक न होता खुसखुशीत होतं. कालवून झालं की लगेच तळायला घ्या, कारण मीठ कांद्यातून पाणी काढतच राहतं आणि अर्ध्या तासाने तेच मिश्रण सैल झालेलं असतं.

तेल १७० अंश. बोटांनी विस्कटून सोडा, गोळा करून नाही. सोडल्यावर मिनिटभर हलवू नका. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, दोनदा उलटून. टोकं गडद लाल, पीठ फिकं सोनेरी, बुडबुडे विरळ, आणि पत्र्यावरचा आवाज.

कांद्यात कॉर्नफ्लोअर मी टाळते. फार तर एक मोठा चमचा, तोही तांदळाच्या पिठाच्या जोडीला. त्याहून जास्त घातलं की कांद्याच्या पाण्यात ते बुळबुळीत होतं आणि पाकळ्यांवरून ओघळून तेलात त्याचे पांढरे तुकडे वेगळे तरंगतात. कॉर्नफ्लोअरची जागा फ्लॉवर, पनीर, बेबी कॉर्न यांच्या बाहेरच्या पातळ आवरणात आहे. तिथे ते तांदळाच्या पिठाला मागे टाकतं.

बिघडलं तर कुठे बघायचं

आवरण तळताना वस्तूपासून सुटलं: वस्तू ओली होती किंवा पीठ पातळ होतं. कॉर्नफ्लोअरच्या बाबतीत तिसरंही कारण असतं. ते थंड पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी जाऊन बसतं. मग पहिल्या खेपेला नुसतं बेसन आणि शेवटच्या खेपेला घट्ट स्टार्च मिळतो. प्रत्येक खेपेआधी तळापासून ढवळा.

भजी दगडासारखी झाली: तांदळाचं पीठ जास्त झालं. एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शाने सुरुवात करा, तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ नका. त्या पुढे बेसनाची चवही मागे पडते आणि आवरणाला भेगा जातात. थंड झाल्यावर भजं रबरासारखं ताणलं गेलं, तर कॉर्नफ्लोअर जास्त झालं.

रंग हवाच असेल, तर तो तेलातून नव्हे, पिठातून आणा. पाव चमचा हळद आणि थोडी काश्मिरी मिरची फिक्या पिठात फार उठून दिसते, बेसनातल्यापेक्षा जास्त. सोड्यानेही रंग लवकर चढतो, पण त्याने भजं तेल पितं, म्हणून कुरकुरीत पीठ घातल्यावर सोडा मी घालत नाही. हळद आणि जास्त सोडा एकत्र आले की पिठात लालसर ठिपके दिसतात. ते पीठ बिघडलेलं नसतं, हळद सोड्याने लाल होते.

जास्त माणसं असतील तर गाडीवाले करतात तसं दोन वेळा तळा. आधी १६० अंशांवर तीन-चार मिनिटं, फिकीच काढून ठेवायची. वाढायच्या वेळी १८५ वर अर्धं ते एक मिनिट. मधल्या वेळात आतली वाफ बाहेर पडते आणि दुसऱ्या तळण्यात थोडा रंगही येतो. काढलेली भजी कागदावर ढीग करून ठेवू नका, पीठ चाळायच्या चाळणीत पसरा, आणि झाकण तर अजिबात नको. पावसाच्या हवेत झाकलेली भजी पाच मिनिटांत ओलसर होतात.

आणि उरलेलं तेल गार झालं की पातळ फडक्यातून गाळा. तांदळाच्या पिठाचे सुटलेले कण तळाशी बसतात, पुढच्या वेळी तेच आधी करपतात आणि तुमच्या फिक्या भज्यांवर काळे ठिपके बनून चिकटतात.